‘एकदम बढिया’च्या पुढचा प्रश्न

नागपुरात कोणालाही ‘काय म्हणते भाऊ, मजेत?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘एकदम बढिया.’ ते खोटंही म्हणता येत नाही, कारण मुळात तो प्रश्न नसतोच. तो रामरामाचाच एक प्रकार. 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, ऑफिसच्या ग्रुपवर हिरव्या फितीचा फोटो येतो आणि त्याखाली पंधरा अंगठे उमटतात. गेला महिनाभर जो गप्प गप्प आहे, त्याचाही अंगठा त्यात असतो.

त्या माणसाशी बोलायचं कसं, एवढंच इथे पाहू.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. गप्प असणं हे लक्षण नाही. काही माणसं जन्मभर कमी बोलतात आणि सुखात असतात. त्यांना कोपऱ्यात गाठून ‘मन मोकळं कर’ म्हणणं हा छळच. पाहायचा असतो तो बदल, आणि तोही त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्याशी ताडून. मुळातच अबोल माणसाचा बदल बोलण्यात दिसत नाही, बारीकसारीक सवयींत दिसतो. सगळ्यांआधी डबा उघडणारा आता ‘भूक नाही’ म्हणतो. ज्याच्या हिशेबात कधी चूक निघाली नाही, त्याच्या एकाच तक्त्यात तीनदा तीच चूक निघते, कारण नैराश्यात लक्ष आणि निर्णयशक्ती दोन्ही मंदावतात. साहेबांना तो आळस वाटतो. कोणी उदास होण्याऐवजी चिडका होतो, आणि मग सहानुभूती मिळायची ती तक्रारच वाट्याला येते.

हे किती दिवस चाललं म्हणजे दखल घ्यायची? डॉक्टर नैराश्याचा विचार करताना दोन आठवड्यांचा कालावधी धरतात: बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असणं किंवा आवडत्या गोष्टींतलाही रस जाणं. मॅच हरल्यावर किंवा बॉसशी वाजल्यावर दोन दिवस तोंड पाडून बसणं यात मोडत नाही. अर्थात विचारायला दोन आठवडे थांबायलाच हवं असं नाही. आणि निदान करणं हे तुमचं काम नाही, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. थायरॉइड कमी झाला, रक्त कमी झालं किंवा बी-12 घटलं तरी माणूस असाच मलूल होतो. म्हणूनच डॉक्टर बरेचदा आधी रक्ताच्या तपासण्या करून घेतात.

आता एक प्रसंग धरून चालू. समजा, सदरमधलं हिशेबाचं ऑफिस. एक सहकारी पोळ्यानंतर हळूहळू मागे सरकला आहे. डबा जागेवरच खातो, चहाला येत नाही, मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. तुम्ही त्याच्याच बरोबरीचे आहात. (तुम्ही त्याचे वरिष्ठ असाल तर पगारवाढीच्या बैठकीच्या तोंडावर हा विषय काढू नका. तुम्ही कितीही आपुलकीनं विचारलंत तरी त्याला ती चौकशीच वाटेल.)

पहिली चूक होते ती जागेची. टपरीवर चौघांसमोर ‘काय बे, तोंड काऊन पाडलं?’ म्हटलं की तो हसून वेळ मारून नेतो, आणि पुढच्या वेळी टपरीवरच येत नाही. केबिनमध्ये समोरासमोर बसवलं तर ती साक्ष होते. शेजारी-शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. नजर चुकवायची असेल तर समोर रस्ता असतोच. संध्याकाळी ऑफिसातून कस्तुरचंद पार्कच्या मेट्रो स्टेशनपर्यंत दोघं चालत निघालात, तर तेवढी दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. मेट्रोत बसल्यावर मात्र विषय काढू नका, कारण तिथे आजूबाजूचे ऐकतात.

दुसरी चूक शब्दांची. ‘तू डिप्रेशनमध्ये वाटतोस’ हा शिक्का झाला. ‘काऊन असा वागून राहिला?’ हा जाब झाला. त्यापेक्षा डोळ्यांना दिसलं तेवढं सांगावं आणि झोपेचं विचारावं:

‘तू आजकाल डबा खायला येऊन नाही राहिला. झोपबिप नीट होते का?’

झोपच का? आपल्याकडे मनाचं दुखणं बरेचदा शरीराच्या भाषेत येतं: डोकं जड आहे, अ‍ॅसिडिटी झाली, अंग मोडून आलं. ‘उदास वाटतं का?’ याला ‘नाही’ म्हणणारा माणूस झोपेबद्दल मात्र खरं सांगतो, कारण त्यात कमीपणा नसतो. शिवाय झोप बरंच काही सांगून जाते. काळजीनं पोखरलेल्याला रात्री डोळाच लागत नाही. नैराश्यात पुष्कळदा झोप लागते, पण नेहमीपेक्षा दोन तास आधी, अगदी पहाटे जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. काही जण उलट दहा-बारा तास झोपूनही थकलेलेच उठतात.

तो म्हणतो, ‘होते ना.’

इथे बहुतेक जण घाईत पुढचा प्रश्न टाकतात किंवा विषय बदलतात. तसं करू नका. चार-पाच पावलं काहीच बोलू नका. ही शांतता तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त टोचेल, टोचू द्या. पुष्कळदा त्यातूनच उरलेलं वाक्य बाहेर येतं:

‘लागते, पण साडेतीनला डोळा उघडतो.’

‘किती दिवसांपासून?’

‘पोळ्यापासूनच समज.’

म्हणजे महिना उलटून गेला. आता तोंडावर येतील अशी वाक्यं आपल्याला पाठ असतात: ‘टेन्शन नको घेऊ’, ‘योगा कर’, ‘तुझ्यापेक्षा लोकांचे किती वाईट हाल आहेत’. या शेवटच्या वाक्यानं दुःख तर जात नाहीच, वर दुःख झाल्याचा अपराधीपणा चिकटतो. त्याऐवजी ‘रोज साडेतीनला जागं राहणं म्हणजे दिवस काढणं कठीणच असेल’ एवढं म्हटलंत की त्याला कळतं, याला ऐकू गेलं. उपाय सुचवायची घाई नको. तो बोलला नाही तरी बिघडत नाही. ‘बरं, बोलावंसं वाटलं तर मी आहे’ म्हणून क्रिकेटवर यावं.

पण बोलण्यात ‘कंटाळा आला सगळ्याचा’, ‘मी नसतो तर घरच्यांची कटकट गेली असती’ असं काही आलं, तर एक प्रश्न टाळायचा नसतो. तोही साध्या शब्दांत: ‘इतकं थकल्यावर काही लोकांच्या मनात येते की आता जगू नये. तुझ्या मनात असं काही येते का?’ विचारल्यानं डोक्यात विचार शिरेल, ही भीती जवळपास प्रत्येकाला वाटते. ती तपासून पाहिलेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या 2,342 शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांच्या प्रश्नावलीत आत्महत्येचे प्रश्न होते, अर्ध्यांच्या नव्हते. प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही. ज्यांना आधीच नैराश्य होतं त्यांचाही नाही. विचारताना ‘तसलं काही नाही ना डोक्यात?’ अशी नकार मागणारी रचना मात्र करू नका, नकारच मिळतो.

उत्तर ‘हो’ आलं, तर ‘काही ठरवलं आहेस का, कधी?’ हे विचारा. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांपैकी त्याच्या विश्वासातल्या एकाला कळवायचं, आणि घरातल्या गोळ्या किंवा फवारणीची औषधं घरच्यांनी कुलपात ठेवायची किंवा दुसरीकडे हलवायची. अशी ओढ पुष्कळदा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काही नसणं यानं जीव वाचतात. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन म्हणूनच कधी देऊ नये. ‘ऑफिसात कोणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर घरी सांगेन’ हे वचन पाळता येतं.

फोनवर 14416, म्हणजे केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, 2022च्या 10 ऑक्टोबरला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112. आपल्याकडे ‘मानसोपचार’ म्हटलं की पहिल्यांदा पागलखाना चौक आठवतो, आणि तिथेच माणूस आखडतो. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचं आहे आणि त्याचं काम मोठं आहे, पण झोप उडालेल्या माणसाला तिथूनच सुरुवात करावी लागत नाही. मेडिकलमध्ये किंवा मेयोत इतर कुठल्याही ओपीडीसारखीच मानसोपचाराची ओपीडी आहे, एम्समध्येही आहे. ‘डॉक्टरला दाखव’ हे बोलून सोडण्यापेक्षा ‘मंगळवारी सकाळी मी येतो, आधी केसपेपर काढू’ हे जास्त उपयोगी, कारण नैराश्यात रांग, खिडकी, कागद हेच डोंगराएवढं वाटतं.

एवढं बोलून झालं की बहुतेकांचा धागा तुटतो. विचारणाऱ्याला संकोच वाटतो, आणि ज्यानं मन उघडं केलं त्याला वाटतं, आपण बोललो म्हणून हा दूर गेला. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मॉट्टो यांचा प्रयोग इथे आठवावा. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे इस्पितळात राहून गेलेले, पण पुढचे उपचार नाकारलेले 843 लोक त्यांनी घेतले. त्यांतल्या साधारण अर्ध्यांना पाच वर्षांत 24 छोटी पत्रं गेली: आधी दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग तीन. पत्रात सल्ला नव्हता, तपासणीला या असंही नव्हतं. बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असावं, लिहावंसं वाटलं तर आनंद होईल, एवढंच. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. पुढे हा फरक विरत गेला. पत्रांनी आजार बरा होत नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही. पण त्या पत्रांनी उत्तराचं ओझं टाकलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आपल्या मेसेजांचं बरोबर उलट होतं. ‘कसं वाटतंय आता? औषध घेतलं? डॉक्टर काय म्हणाले?’ एका दमात तीन प्रश्न, आणि निळ्या खुणा दिसल्या की चौथा. मग तो मेसेज उघडणंच सोडून देतो. त्यापेक्षा तीन दिवसांनी ‘शनिवारी तर्री-पोहे खायला चाललो, यावंसं वाटलं तर ये. रिप्लायची घाई नाही’ असं पाठवा. तो आला नाही तर आठवड्यानं पुन्हा काहीतरी, अंबाझरीच्या संध्याकाळचा एखादा फोटोसुद्धा चालेल. महिनाभर नुसतेच निळे टिक मिळाले तरी पाठवत राहा, आणि ऑफिसात तो दिसला की ‘माझा मेसेज पाहिला नाही का?’ असं विचारू नका.