‘अकाउंटंट’ रोलच्या विनंतीत कारण का लिहावे लागते

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या सहकाऱ्याला कामापुरते अधिकार मिळावेत म्हणून हिशेब विभागाच्या टीम लीडने आयटीला पाठवलेल्या ईमेलचा गाभा साधारण असा असतो : “सोमवारी रुजू होणाऱ्या आमच्या सहकाऱ्यास ‘अकाउंटंट’ रोल द्यावा. पुरवठादारांची बिले नोंदवणे आणि महिनाअखेरीस बँकेचा ताळमेळ घालणे हे त्यांचे काम राहील. पेमेंट मंजुरीचा आणि पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलण्याचा अधिकार नको.” यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच अनेकदा गाळले जाते.

कागदी वह्यांच्या काळात रोकड एकाकडे आणि खातेवही दुसऱ्याकडे असे, त्यामुळे अधिकारांची विभागणी डोळ्यांना दिसत असे. संगणकावर ती एका पासवर्डमागे दडली. ती मोडल्यावर काय होते, हे 1995 मध्ये ब्रिटनच्या बेअरिंग्ज बँकेत दिसले. सिंगापुरात बँकेचा कर्मचारी निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचा हिशेब ठेवणारे कार्यालयही त्याच्याच हाताखाली होते. म्हणून 88888 क्रमांकाच्या खात्यात लपवलेला तोटा सुमारे 82.7 कोटी पौंडांपर्यंत वाढला आणि बँक बुडाली. या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच हाती असल्याचे अंतर्गत लेखापरीक्षकांनी आदल्याच वर्षी नोंदवले होते, हे विशेष.

अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावेत, ही मांडणी फेरायोलो आणि कुन या अमेरिकी संशोधकांनी 1992 मध्ये केली. आजच्या सॉफ्टवेअरमधला ‘अकाउंटंट’ रोल हे त्याच मांडणीचे रूप आहे. भारतात कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक झाली आणि ती वर्षभर चालू होती का, हे लेखापरीक्षकाला अहवालात सांगावे लागते. मात्र अशी नोंद बदल करणाऱ्याचा फक्त लॉगिन आयडी सांगते; तिघे एकच आयडी वापरत असतील, तर तिचा उपयोग उरत नाही. नव्या माणसासाठी स्वतंत्र आयडी मागण्यामागे हेही कारण आहे.

घोटाळा बहुधा “आधीच्या सहकाऱ्यासारखाच ॲक्सेस द्या” या सोयीच्या वाक्यातून सुरू होतो. समजा, तो आधीचा सहकारी दोन वर्षांपूर्वी खरेदी विभागातून आला होता आणि नव्या पुरवठादाराचे खाते उघडण्याचा त्याचा अधिकार कोणी काढलाच नव्हता. त्याची नक्कल झाली, की नव्या माणसाला पुरवठादाराचे खाते उघडता येते आणि त्या पुरवठादाराच्या नावे बिलही चढवता येते. मंजुरी देणारा वेगळा असला, तरी त्याच्यासमोर येणारे बिल कागदावर निर्दोषच दिसते. हे पकडायचे तर वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार यांची यादी काढून, हे दोन्ही अधिकार कोणत्या आयडीवर एकत्र आले आहेत, ते पाहावे लागते. त्या वेळी परवानगी कोणत्या कामासाठी मागितली होती, हे सांगणारा कागद म्हणजे टीम लीडचा तो जुना ईमेल.