तोडगा काढणे आणि ऐकून घेणे

कामाच्या ठिकाणी या दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात. दोन्हींत वरिष्ठ समोर बसलेला असतो, मान डोलावत असतो, वहीत काही लिहीत असतो आणि बोलणे संपल्यावर सांगणाऱ्याला मोकळ्या हाताने परत पाठवत नाही. त्यामुळे तत्परतेने तोडगा काढणाऱ्या वरिष्ठाला आपण उत्तम ऐकतो असे मनापासून वाटत असते. दोन्हींमधला फरक व्याख्येने सांगण्यापेक्षा एका छोट्या कथेतून लवकर समजेल. कथा कल्पित आहे.

एका लेखा विभागाचे पर्यवेक्षक होते. त्यांच्या हाताखाली सहा वर्षे काम केलेली एक सहकारी दर महिन्याच्या अखेरीस सर्व विभागांकडून आलेले खर्चाचे तक्ते मूळ नोंदींशी जुळवून अंतिम आकड्यांवर सही करीत असे. तिच्या कामात चूक निघाल्याचे कोणाला आठवत नव्हते. एकदा ती म्हणाली, "सर, तक्ते अगदी शेवटच्या दिवशी येतात." तिचे वाक्य पुरते संपण्याआधीच पर्यवेक्षकांना उपाय सुचला आणि त्यांनी सर्व विभागांना पत्र पाठवून मुदत दोन दिवस अलीकडे आणली. पुढच्या महिन्यात ती म्हणाली, "तक्ते आता वेळेवर येतात, पण अपुरे असतात." तेव्हा महिन्याचे शेवटचे तीन दिवस तिला एक मदतनीस मिळाला. तिसऱ्या वेळी तिने सांगितले की मदतनीसाला समजावण्यातच वेळ जातो, आणि त्यावर मदतनीसासाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण ठरले. चौथ्या महिन्यात त्यांनी आपणहून चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "ठीक चाललं आहे." त्यानंतर चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला. कारणाच्या जागी "वैयक्तिक" एवढा एकच शब्द होता.

पर्यवेक्षक दुष्ट नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. तीन तक्रारींवर तीन उपाय आणि तेही प्रत्येकी आठवड्याच्या आत, हे फार थोडे वरिष्ठ करतात. पण त्या तीन तक्रारी ओळीने वाचल्या तर लक्षात येते की दुसरी आणि तिसरी तक्रार आधीच्या उपायातून उरलेल्या अडचणीची होती, आणि जी मुळात सांगायची होती ती एकदाही पुरी सांगून झाली नव्हती. तोडग्याने विषय मिटतो, आणि मिटलेला विषय पुन्हा काढणे म्हणजे ज्याने आपल्यासाठी एवढे केले त्याच्याशी कृतघ्न होणे, असे हाताखालच्या माणसाला वाटू लागते. म्हणूनच तिचे "ठीक चाललं आहे" हे समाधानाचे वाक्य नव्हते, तिने सांगणे थांबवल्याची ती खूण होती. खरोखर समाधानी असलेला माणूस कामातल्या बारीकसारीक कुरबुरी बोलत राहतो. ज्याने आशा सोडली आहे तो मात्र त्याही बोलेनासा होतो. नियमाने बोलणारा माणूस अचानक निमूट झाला, तर तिथे थांबून विचारले पाहिजे.

नोकरी सोडतानाच्या औपचारिक मुलाखतीतूनही काही निघाले नाही. तसे फारसे निघतही नाही, कारण जाणाऱ्याला अनुभवाचा चांगला दाखला हवा असतो आणि निरोपाच्या वेळी कटुता नको असते. पर्यवेक्षकांना जे कळले ते तिने कामाचा ताबा देताना लिहून ठेवलेल्या टिपणातून. टिपण अकरा पानांचे होते, प्रत्येक तक्ता कुठून येतो, कोणता रकाना आधी तपासायचा, हे सारे तिच्या नेहमीच्या नेटकेपणाने लिहिलेले होते. नवव्या पानावर मात्र तीनच ओळी होत्या: "अपुरा तक्ता परत पाठवण्याचा अधिकार या जागेला नाही. तो जुळवून घ्यावा लागतो. सही मात्र या जागेची असते."

ते वाचून पर्यवेक्षकांनी स्वतःची वही उघडली. तिच्याशी झालेल्या प्रत्येक बैठकीची नोंद तिथे होती: "मुदत अलीकडे", "मदतनीस, तीन दिवस", "प्रशिक्षण". तिचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. जे लिहिले होते ते सारे त्यांचेच होते.

या वहीतच दोन्ही गोष्टींमधला फरक दिसतो. तोडगा काढणारा सांगणाऱ्याच्या बोलण्यातून आपल्याला सोडवता येईल असा प्रश्न वेचून घेतो. त्यांना मुदत, मनुष्यबळ आणि प्रशिक्षण हाताळता येत होते, म्हणून त्यांना तेवढेच ऐकू आले. ऐकून घेणारा प्रश्न सुटण्याजोगा आहे की नाही हे बाजूला ठेवून आधी तो पुरता समोर येऊ देतो. मराठीत आपण नुसते "ऐकणे" न म्हणता "ऐकून घेणे" म्हणतो, त्यातल्या "घेणे"चा अर्थ इथे लागतो: समोरच्याचे म्हणणे काही काळ आपल्याकडे ठेवून घ्यायचे असते, लगेच त्याचे काही करायचे नसते. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये "सक्रिय श्रवण" ही संज्ञा मांडली, तेव्हा त्यांचाही भर यावरच होता की सल्ला देण्याची घाई न करता बोलणाऱ्याचे म्हणणे त्याच्या बाजूने समजून घ्यावे आणि ते समजल्याचे त्याला दाखवावे.

दाखवण्याची रीत साधी आहे, पण ती अवघड जाते. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि "हेच ना?" असे विचारून थांबायचे. समोरचा नुसते "हो" म्हणाला तर अजून काही कळलेले नसण्याची शक्यता अधिक, कारण वरिष्ठाला "हो" म्हणणे सोपे असते. तो "तसं नाही..." म्हणून दुरुस्ती करू लागला की खरी गोष्ट बाहेर येऊ लागते.

पर्यवेक्षकांना हे पुढच्याच महिन्यात अनुभवायला मिळाले. तिच्या जागी आलेला तरुण म्हणाला, "सर, या तक्त्यांमध्ये फार वेळ जातो." त्यांच्या ओठांवर उपाय आला होता, तरी तो मागे ठेवून त्यांनी विचारले, "म्हणजे तक्ता समजायला कठीण आहे, असंच ना?"

"तसं नाही सर," तो म्हणाला, "तक्ता सोपा आहे. पण त्यांनी रिकामा सोडलेला रकाना मी अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज चुकला तर खाली सही माझी असते."

नवव्या पानावरची गोष्ट त्यांनी आता माणसाच्या तोंडून ऐकली.

याचा अर्थ तोडगा नेहमी थांबवावा असा नाही. संगणक बंद पडला असेल तर तो सुरू करून द्यावा, तिथे भावना विचारत बसणे हा छळ होईल. उलट, महिनोन्महिने शांतपणे ऐकून घेऊन काहीच न करणारा वरिष्ठ हा तोडगा काढणाऱ्याहून वाईट, कारण त्याच्यापुढे माणूस मन मोकळे करतो आणि तरीही एकटा पडतो. ऐकून घेतल्यानंतर तोडगा यावाच लागतो, फक्त तो पुरत्या प्रश्नावर यावा लागतो. कधी तो आपल्या अधिकारात नसतो, आणि तेव्हा तसे स्पष्ट सांगणे हेही उत्तर असते.

पर्यवेक्षकांनी वहीच्या पानाचे उभे दोन भाग केले. डावीकडे सांगणाऱ्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत, उजवीकडे उपाय, आणि उजवा भाग त्याच दिवशी भरायचा नाही. त्या तरुणाच्या वाक्यासमोरची जागा चार दिवस रिकामी राहिली, कारण त्यासाठी त्यांना स्वतःच्या वरिष्ठांची परवानगी मिळवावी लागली. मग तिथे लिहिले गेले: "अपुरा तक्ता परत पाठवण्याचा अधिकार सही करणाऱ्याला." त्या महिनाअखेरीस तीन तक्ते परत गेले. ताबा-टिपणाच्या नवव्या पानावरच्या पहिल्या ओळीवर त्यांनी स्वतः रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली.