कुपोषणाच्या छाननीचे दोन प्रश्न आणि पोटरीचा घेर

रुग्णालयात दाखल असलेला माणूस उपाशी राहत असेल, असं कुणाला वाटत नसे. 1994 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे मॅकव्हर्टर आणि पेनिंग्टन यांनी नव्याने दाखल झालेले 500 रुग्ण तपासले, तर त्यांतले 200 कुपोषित निघाले. त्या 200 पैकी फक्त 96 जणांच्या कागदपत्रांत आहार-पोषणाबद्दल काही लिहिलेलं होतं. मला या दुसऱ्या आकड्याचं जास्त वाईट वाटतं.

वॉर्डात वेळ नसतो, म्हणून तिथलं साधनही आटोपशीर हवं होतं. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या एमएसटी या छाननीच्या साधनात दोनच गोष्टी विचारतात: नकळत वजन घटलं का, किती? आणि भूक मंदावल्यामुळे खाणं कमी झालं का? 2 किंवा अधिक गुण झाले की रुग्ण आहारतज्ज्ञांकडे जातो. वजन घटलं की नाही हे सांगता येत नसेल, तर त्याचेच 2 गुण धरतात. दाखल करताना ना काटा हवा, ना गणित.

वृद्धांच्या पोषणाची तपासणी करणारं एमएनए हे साधन मात्र 1994 मध्येच आलं होतं. त्यात 18 बाबी होत्या. पुढे त्यातल्या 6 निवडून 14 गुणांचं छोटं रूप झालं. इथे उलट मोजतात: गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि 7 किंवा त्याखाली म्हणजे कुपोषित. 2009 च्या सुधारणेत बीएमआय काढता येत नसेल तर पोटरीचा घेर चालेल असं ठरलं. अंथरुणाला खिळलेल्या किंवा पाठीत वाकलेल्या माणसाची उंची मोजणं किती कठीण असतं, हे ज्यांनी ते काम केलंय त्यांना ही सोय लगेच पटेल.

शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या 84 वर्षांच्या एका आजींची कल्पना करा. त्या चाकाच्या खुर्चीत असतात, स्मृतिभ्रंश तीव्र आहे. जेवण नेहमीइतकंच, तीन महिन्यांत वजन स्थिर, नवा आजार किंवा मानसिक धक्का नाही. एमएसटीत त्यांना शून्य मिळतं, म्हणजे धोका नाही. एमएनएच्या छोट्या रूपात खाण्याचे 2, वजनाचे 3, आजार नसल्याचे 2. हालचाल आणि स्मृतिभ्रंश या दोन्हींचे शून्य. पोटरी 30 सेंटिमीटर, म्हणजे 31 पेक्षा कमी, म्हणून तिथेही शून्य. बेरीज 7, म्हणजे कुपोषित. त्यांची झीज काही वर्षांपूर्वीच होऊन गेलेली असू शकते, आणि अलीकडच्या घटीबद्दल विचारणाऱ्या प्रश्नांना ती दिसत नाही.

पण पोटरी 32 सेंटिमीटर असती तर 3 गुण वाढून बेरीज 10 झाली असती, म्हणजे कुपोषित नव्हे, नुसता ‘धोका’. पायाला सूज असली तरी हेच घडतं, म्हणून फीत लावण्याआधी बोटाने दाबून खळगा राहतो का ते पाहावं. शिवाय खुर्ची आणि स्मृतिभ्रंश यांचेच 4 गुण जात असल्यामुळे अशा केंद्रात बरेच जण धोक्याच्या यादीत येतात.

2020 मध्ये अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने वय किंवा ठिकाण न पाहता सर्व प्रौढांसाठी एमएसटीची शिफारस केली. वॉर्डासाठी मला ती मान्य आहे. शुश्रूषा केंद्रात मी एमएनएचं छोटं रूपच ठेवीन, आणि त्याच्या जोडीला दर महिन्याच्या वजनाची नोंद.