एकल वापर प्लास्टिकबंदी: पिशवीची व्याख्या आणि जाडी (पुणे)

पुण्यातल्या दुकानदाराला प्लास्टिक पिशवीबाबत एकाच वेळी दोन कायदे पाळावे लागतात, आणि दोन्ही पिशवी वेगवेगळ्या नजरेने पाहतात. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार कॅरीबॅग म्हणजे माल नेण्यासाठी किंवा देण्यासाठी वापरलेली, हातात धरून नेण्याची सोय असलेली पिशवी. आधीच सीलबंद केलेल्या मालाचे पाकीट तिच्यात मोडत नाही. म्हणजे कारखान्यातून आलेले चिवड्याचे पाकीट सुटते आणि तोच चिवडा समोर भरून दिलेली हँडलची पिशवी सापडते. महाराष्ट्राच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही हँडलची पळवाट बुजवली: हँडल असो वा नसो, जाडी कितीही असो, कॅरीबॅग बंद.

केंद्राने मात्र जाडीचीच वाट धरली. ५० मायक्रॉनची किमान मर्यादा ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० झाली. त्यामागचा हिशेब भंगाराचा आहे. पातळ पिशवी वजनाला भरत नाही, म्हणून कचरावेचक ती उचलत नाहीत.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो बोटांना कळत नाही. मायक्रोमीटर नसेल तर वजनावरून अंदाज येतो. २० बाय २५ सेंटिमीटरची पिशवी घ्या. दोन्ही बाजू मिळून १००० चौरस सेंटिमीटर होतात. नेहमीच्या पॉलिथिनची घनता ०.९२ धरली, तर ५० मायक्रॉनची पिशवी साधारण ४.६ ग्रॅम भरते, २० ची १.८ आणि १२० ची ११. भाजीवाल्याच्या तागडीवर शंभर पिशव्यांची गड्डी १८० ग्रॅमच्या आसपास भरली, तर माल २० मायक्रॉनचा.

याच आकड्यांत बंदी का फसते तेही दिसते. पिशव्या किलोवर विकत मिळतात. एका किलोत २० मायक्रॉनच्या सुमारे ५४० बसतात, १२० च्या जेमतेम ९०. पाव किलो मिरचीबरोबर पिशवी फुकट द्यायची तर मंडईतला गाळेवाला कोणती घेईल, हे सांगायला नको. गिऱ्हाईकही घरून पिशवी आणत नाही, आणि ‘पिशवी नाही’ म्हटले की शेजारच्या गाळ्याकडे वळते.

दंडाचे मापही बेताल आहे. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००. तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दुकान मोठे असो वा टोपलीत कोथिंबीर घेऊन बसलेली मावशी, रक्कम तीच. दिवसाची विक्री त्याहून कमी असेल, तर निरीक्षकालाही पावती फाडणे जड जाते आणि काम गड्डी जप्त करण्यावर भागते.

नियमाप्रमाणे पिशवीवर उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली हवी. पोत्याखालून निघणारी पातळ पिशवी कोरी असते. ती कुठल्या कारखान्यात निघाली आणि कुठल्या टेम्पोतून आली, हे तिच्यावरून कळत नाही. मग पावती ज्याच्या हातात ती सापडली त्याच्याच नावावर फाटते.