दिव्यांग हक्क करार आणि देशाचा कायदा

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ ला मंजूर केलेला करार, ज्याला सगळे यूएनसीआरपीडी म्हणतात. एकूण ५० कलमं आहेत. ३० मार्च २००७ ला तो सह्यांसाठी उघडला आणि भारताने त्याच दिवशी सही केली, मग १ ऑक्टोबर २००७ ला त्याला रीतसर मान्यता देऊन भारत त्याने बांधला गेला, आणि ३ मे २००८ पासून करार जगभरात लागू झाला. शिक्षण, नोकरी, मतदान, दवाखाना, कोर्ट, स्वतःच्या मर्जीने कुठे आणि कुणासोबत राहायचं, सगळं त्यात आहे. पण या नोंदीत एकच धागा धरलाय, तो म्हणजे परीक्षेतला लेखनिक, उमेदवार सांगेल ते त्याच्यासाठी लिहिणारा माणूस. कारण जिनिव्हा-न्यूयॉर्कमधला कागद सोलापुरातल्या परीक्षेच्या बाकापर्यंत कसा येतो आणि वाटेत कुठे अडतो ते याच्यावरून सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आधी करार काय म्हणतो ते बघू. जुनी समजूत अशी की दोष माणसाच्या अंगात आहे, डॉक्टर तो मोजतील, जेवढे टक्के निघतील तेवढी सवलत. करार हे मान्यच करत नाही. त्याच्या पहिल्या कलमाप्रमाणे शरीरात, मनात, बुद्धीत किंवा इंद्रियांत दीर्घकाळाची काही उणीव असते आणि समोर अडथळे असतात, आणि या दोघांची गाठ पडली की माणूस इतरांच्या बरोबरीने भाग घेऊ शकत नाही. म्हणजे हात थरथरतो ही अर्धीच गोष्ट झाली, तीन तासात हातानेच लिहून दाखव हा नियम ही उरलेली अर्धी, आणि नियम बदलता येतो.

यातूनच वाजवी सोय निघते. दुसऱ्या कलमात तिची व्याख्या आहे: एखाद्या व्यक्तीला एखाद्या प्रसंगी जो बदल लागतो तो करून द्यायचा, फक्त त्याचा बोजा समोरच्यावर अवाजवी पडता कामा नये. आणि पुढचं वाक्य खरं धारदार आहे, अशी सोय नाकारणं हाच भेदभाव. नकार देणाऱ्याच्या मनात वाईट हेतू होता का हे बघायची गरजच नाही. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, नवी पेठेतल्या दुकानाच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधणं किंवा एसटी स्टँडवर घोषणा ऐकू येईल आणि बोर्डही वाचता येईल अशी व्यवस्था करणं ही सुगम्यता, ती सगळ्यांसाठी आधीच करून ठेवायची, कुणी मागो न मागो, आणि ती नवव्या कलमात येते. वाजवी सोय मात्र एका माणसाची, त्याने मागितली की त्या घडीपासून द्यायची. रॅम्प टप्प्याटप्प्याने बांधू असं सरकार म्हणू शकतं, पण भेदभाव टप्प्याटप्प्याने बंद करू असं म्हणता येत नाही.

आता हे देशात येतं कसं? नुसती सही झाली म्हणून करार आपल्याकडे कायदा होत नाही. काही देशांत मान्य केलेला करार सरळ कोर्टात चालतो, भारतात त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो, आणि घटनेच्या कलम २५३ प्रमाणे करार पाळण्यासाठी संसद कुठल्याही विषयावर, अगदी राज्यांच्या यादीतल्याही, कायदा करू शकते. कायदा झाल्यावरसुद्धा करार बाजूला पडत नाही, कायद्यातल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर कोर्ट कराराशी जुळणारा अर्थ धरतं.

आपला जुना कायदा १९९५ चा. त्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते आणि दिव्यांग व्यक्ती म्हणजे जिला डॉक्टरांनी किमान ४० टक्क्यांचा दाखला दिलाय ती. ३९ टक्के असेल तर कायद्याच्या नजरेत तो माणूस दिव्यांग नाहीच, विषय संपला. करार मान्य केल्यावर हे चालणार नव्हतं, तरी नवा कायदा यायला नऊ वर्षं लागली. तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. प्रकार ७ चे २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ चं ४ टक्के झालं, आणि पेपरात तेवढंच छापून आलं. माझ्या मते त्याहून मोठा बदल व्याख्येत आहे. नव्या कायद्यात दोन वेगळे गट केलेत. कलम २ च्या एस मध्ये दिव्यांग व्यक्ती, तिची व्याख्या जवळपास करारातूनच उचललेली, टक्के कुठेच नाहीत. आणि कलम २ च्या आर मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती, तिथे ४० टक्के. आरक्षण आणि काही योजनांसाठी दुसरा गट, बाकीचे हक्क पहिल्या गटाला. भेदभाव न होणं आणि वाजवी सोय मिळणं हे पहिल्या गटातल्या सगळ्यांचं आहे, कलम ३ च्या पाचव्या पोटकलमात ती जबाबदारी सरकारवर टाकलीय, आणि सोय नाकारणं म्हणजे भेदभाव हे वाक्यही व्याख्येत आलंय.

कागदावर हे झालं, पण ऑफिसात ४०ची सवय सुटली नाही. केंद्राने २९ ऑगस्ट २०१८ ला लेखी परीक्षांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्या फक्त लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठीच होत्या. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला घेतलं की हाताचे स्नायू आखडतात. त्यांनी २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी यूपीएससीकडे लेखनिक मागितला आणि तुमचं दिव्यांगत्व लक्षणीय नाही म्हणून नकार मिळाला. प्रशासकीय न्यायाधिकरणात हरले, दिल्ली हायकोर्टात हरले, मग ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. कोर्टाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट ज्या तरतुदींसाठी आहे तिथेच राहील, ती उचलून लेखनिकाच्या मागणीवर लावता येणार नाही, कारण वाजवी सोयीचा हक्क पहिल्या गटाचा आहे. हे सांगताना कोर्टाने कराराचा आधार घेतलाय. लेखनिक सर्रास दिला तर गैरवापर होईल असंही समोरून सांगितलं गेलं, त्यावर कोर्टाचं म्हणणं असं की गैरवापराच्या भीतीपोटी खऱ्या गरजवंताचा हक्क काढून घेता येत नाही, गैरवापर रोखायचे नियम करा. त्याप्रमाणे केंद्राने १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांच्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

आता सोलापुरात हे कसं लागू होतं ते एक उदाहरण कल्पून बघू. समजा अशोक चौकाजवळ राहणारी एक मुलगी आहे, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, बी.ए. झालेली. लहानपणीच्या दुखापतीने उजव्या हाताची पकड टिकत नाही, पाचेक मिनिटं लिहिलं की अक्षर बिघडतं आणि मग पेनच धरता येत नाही. डॉक्टरांच्या बोर्डाने तपासलं आणि २५ टक्के निघाले. घरातले म्हणणार ४० नाही झाले, आता काय उपयोग. आरक्षणासाठी खरंच उपयोग नाही, तो दरवाजा तिला बंद आहे. पण लेखनिकासाठी तिला टक्के वाढवून घ्यायची गरजच नाही, तिला वेगळा कागद लागतो. लिहिण्यात अडचण आहे आणि लेखनिक लागतो असं सांगणारा दाखला, जो जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालचं अनेक डॉक्टरांचं बोर्ड देतं, आणि त्याचा नमुना २०२२ च्या सूचनांनाच जोडलेला होता. लोक नेमकं इथे चुकतात, टक्क्यांचा दाखला घेऊन जातात आणि खिडकीवरचा माणूस ४० चा आकडा शोधतो.

हा कागद हातात असेल तर फॉर्म भरतानाच लेखनिकाचा पर्याय निवडायचा, हॉलतिकीट आल्यावर धावपळ करून काही होत नाही. लेखनिक परीक्षा घेणारी संस्था देईल की स्वतःचा आणायचा हे जाहिरातीत असतं, स्वतःचा आणला तर २०२२ च्या सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी लागायचं. शिवाय भरपाईचा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला अख्खा एक तास जास्त. या सूचना केंद्राच्या आहेत आणि त्यात बदल होत राहतात, त्यामुळे ज्या परीक्षेला बसायचं तिची जाहिरात आणि तिने कुठल्या सूचना लावल्यात ते नीट वाचायचं. पण जाहिरातीत फक्त ४० टक्केवाल्यांचाच उल्लेख असेल तर गप्प बसू नका, कारण हक्क सूचनेतून नाही, कायद्यातून येतो. अर्जात कलम २ चा एस आणि वाजवी सोयीची व्याख्या असलेला वाय, कलम ३ चं पाचवं पोटकलम आणि विकास कुमार निकाल लिहायचा, आणि नकार तोंडी न घेता कारणासकट लेखी मागायचा. लेखी नकारात फक्त टक्के लिहिलेले असतील तर नकार चुकीचा आहे हे तिथेच कळतं, कारण तिला काय लिहिता येतं आणि काय लागतं हे कुणी बघितलेलंच नसतं.

त्यानंतर राज्याची परीक्षा असेल तर तक्रार पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते. त्यांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं अशा बाबतीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, पण शेवटी ते शिफारस करतात, हुकूम नाही, म्हणून तारीख जवळ आली असेल तर हायकोर्टच गाठावं लागतं. यात वेळ आणि पैसा जातो, आणि यंत्रमागावरच्या घराला तो परवडत नाही हे मला फार टोचतं. एवढं होऊनही ३ फेब्रुवारी २०२५ ला गुलशन कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाला हेच सगळं परत बजावावं लागलं, हाताचाच आजार आणि ४० टक्क्यांचाच नकार.

करारातलं सगळंच कायद्यात उतरलं असंही नाही. भेदभावाच्या बंदीला कलम ३ च्या तिसऱ्या पोटकलमात एक पळवाट आहे, योग्य हेतूसाठी प्रमाणात केलेलं असेल तर चालेल अशी, आणि प्रमाण कुणी ठरवायचं हे सांगितलेलं नाही. करार म्हणतो की स्वतःचे निर्णय घ्यायचा कायदेशीर हक्क प्रत्येकाचा आहे, गरज असेल तर मदत द्या पण निर्णय हिसकावू नका, आणि आपल्या कायद्यात मात्र मर्यादित पालकत्व ठेवलंय, जिथे शेवटी पालकाला निर्णय घेता येतो. सुगम्यतेच्या नियमांची तर वेगळीच गत, २०१७ च्या नियमावलीतला १५ वा नियम नुसत्या शिफारशीसारखा आहे म्हणून सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं तीन महिन्यांत करायला सांगितली.

आणि सरळ संयुक्त राष्ट्रांकडे जायचं म्हटलं तर रस्ता नाही. एकट्या माणसाची तक्रार ऐकायचा अधिकार कराराच्या समितीला एका वेगळ्या जोडकरारातून मिळतो आणि भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. समिती आपल्याला विचारते ते फक्त देश म्हणून, सरकारच्या अहवालावरून, भारताच्या पहिल्या अहवालावर तिने २०१९ मध्ये चर्चा केली आणि निरीक्षणं दिली. त्या वेळी दिव्यांगांच्या संघटनाही आपला वेगळा अहवाल पाठवू शकतात, आणि सोलापुरातल्या संघटनेने नाकारलेल्या अर्जांच्या लेखी प्रती जपून ठेवल्या असतील तर त्या पुढच्या अहवालात पुरावा म्हणून जोडता येतात.