बॅगेचा फोटो पाठवताना: लोगो नको, रनरची मागची बाजू हवी

आमच्याकडे बॅगांची विक्री आणि दुरुस्ती अशी दोन्ही कामे होत असल्यामुळे "ही सूटकेस ओरिजिनल आहे का, आणि या किमतीला घ्यावी का?" ही विचारणा व्हॉट्सॲपवर वर्षभर येत असते. चतुर्थीच्या आधी आखातातून आणि बोटीवरून माणसे सुटीवर घरी येऊ लागली की तिला जोर चढतो, कारण त्या दिवसांत वापरलेल्या बॅगा हातोहात विकल्या जातात. असे मत देण्यास आम्ही कधीच नाही म्हणत नाही. मात्र आमचा आणि आपलाही निम्मा वेळ एकाच गोष्टीत जातो, म्हणून हे पत्रक छापले आहे.

ती गोष्ट अशी की जवळजवळ प्रत्येक ग्राहक आधी बॅगेच्या दर्शनी बाजूचा, लोगो ठळक दिसेल असा फोटो पाठवतो, आणि पुष्कळदा तो फोटोही विक्रेत्याच्या जाहिरातीतून उचललेला असतो. नक्कल करणाऱ्याचे सगळे लक्ष लोगोवरच असते, कारण गिऱ्हाईक पाहते तेच. त्यामुळे बनावट बॅगेचा लोगो चांगला असतो आणि पाच वर्षे विमानतळांच्या पट्ट्यांवर आपटलेल्या अस्सल बॅगेचा लोगो निखळलेलाही असू शकतो. बॅगेचा खरा दर्जा जिथे कोणी पाहत नाही तिथे कळतो: चेनच्या रनरच्या मागे, अस्तराच्या आतल्या कोपऱ्यात, चाक ज्या प्लास्टिकच्या घरात बसते त्याच्या स्क्रूंभोवती आणि टॅगवरच्या सर्वांत बारीक अक्षरांत. आम्हाला या चार जागांचे फोटो हवे असतात.

फोटो दिवसा, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने पडेल अशा बेताने आणि फ्लॅश बंद ठेवून काढावा. फ्लॅश मारला की चकचकीत रनरवर पांढरा ठिपका उमटतो आणि त्यावरची कोरलेली अक्षरे नेमकी त्याखाली जातात. तिरक्या उजेडात मात्र अक्षरांच्या कडेला सावली पडते व त्यांची खोली दिसते. शेजारी शाळेची साधी पट्टी ठेवली तर मापही कळते. फोटो व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा, कारण नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जाऊन आकाराने लहान होतो आणि आम्हाला हवा असलेला बारकावाच त्यात पुसला जातो.

आता रनरविषयी. चेनच्या दातांवरून जो धातूचा तुकडा सरकतो तो रनर, आणि आपण बोटात धरतो ती त्याची पट्टी. पट्टीवर बहुधा बॅगेच्या कंपनीचे नाव असते, तर चेन बनवणाऱ्याची खूण व चेनचा क्रमांक रनरच्या मागच्या अंगाला सापडण्याची शक्यता अधिक असते. हा क्रमांक ढोबळमानाने बंद केलेल्या दातांची मिलिमीटरमधील रुंदी सांगतो. म्हणून मागे ८ लिहिले असताना शाळेच्या पट्टीने मोजल्यावर दात पाच मिलिमीटरच भरत असतील तर रनर किंवा चेन यांपैकी एक गोष्ट मूळची नाही. पाठीवरच्या मोठ्या सॅकच्या मुख्य कप्प्याला आम्ही ८ किंवा १० क्रमांकाची चेन पसंत करतो. ५ क्रमांकाची चेन बाहेरच्या खिशाला पुरते, पण ठासून भरलेल्या कप्प्याला लावली तर ती लवकर दात सोडते.

"वायकेके लिहिले आहे, म्हणजे ओरिजिनलच" असे अनेकजण सांगतात. १९३४ साली स्थापन झालेल्या या जपानी कंपनीच्या चेनी उत्तम असतात यात वाद नाही, परंतु त्यामुळेच त्या अक्षरांची नक्कलही भरपूर होते, आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर कित्येक चांगल्या बॅगांना इतर कारखान्यांच्या चेनी असतात. नावापेक्षा त्याचे कोरीवकाम पाहावे. नकली रनरवर अक्षरे उथळ, कडांना गोलसर आणि एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात, व पट्टी अडकते त्या कडीजवळ मुलामा सुटून राखाडी धातू उघडा पडलेला असतो. येथे किनारपट्टीच्या ग्राहकांसाठी एक खुलासा करतो. रनरवर जमणारी पांढरी भुकटी ही खाऱ्या हवेने जस्ताच्या मिश्रधातूवर केलेली करणी असून ती अस्सल बॅगेवरही येते. कळंगुटच्या घरात चार पावसाळे काढलेल्या बॅगेवर ती दिसली तर घाबरू नये. पण "नवी कोरी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅगेवर दिसली तर मात्र ती बॅग कुठे आणि किती काळ पडून होती, हे अवश्य विचारावे.

टॅगवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मूळ छपाईत बारीक अक्षरे भरीव व धारदार असतात. टॅग स्कॅन करून पुन्हा छापला असेल तर त्याच अक्षरांच्या कडा पिसारतात, एकरंगी भागात रंगीत ठिपके दिसू लागतात आणि बारकोडच्या पातळ रेघा एकमेकींना चिकटतात. भारतात विक्रीसाठी आलेल्या नव्या बॅगेच्या टॅगवर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक वा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. परदेशात विकत घेतलेल्या बॅगेवर हे नसणारच, तेव्हा तेवढ्यावरून तिला खोटी ठरवू नये. बारकोडचा आरंभ ८९० ने होत असेल तर तो क्रमांक भारतातील नोंदणीतून घेतलेला आहे एवढेच समजते. बॅग भारतात बनली, असा त्याचा अर्थ नव्हे.

अस्तर आणि चाकाचे घर या दोन गोष्टी मात्र एकत्र पाहाव्या लागतात. त्या कशा, हे डिचोलीच्या एका ग्राहकाच्या उदाहरणाने सांगतो. त्यांना चार चाकांची, कडक कवचाची, वापरलेली सूटकेस साडेचार हजारांना देऊ केली होती आणि त्यांनी प्रथेप्रमाणे आधी लोगोचा फोटो पाठवला. आम्ही चार फोटो मागितले. मुख्य चेनला दोन रनर होते: एकाची अक्षरे खोल आणि स्वच्छ, दुसऱ्याची उथळ आणि पुसट. ग्राहकाने लगेच "म्हणजे डुप्लिकेट" असा निष्कर्ष काढला. आमचे मत निराळे होते. बनावट बॅगेला दोन्ही रनर बहुधा एकाच माळेचे असतात. एक चांगला आणि एक हलका दिसला तर कोणीतरी मध्ये एक बदलला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

अस्तराच्या फोटोने त्याला पुष्टी मिळाली. तीन कोपऱ्यांत शिलाईचे टाके एकसारख्या अंतरावर होते आणि कापडाची कापलेली कड पट्टीने नीट बांधलेली होती. चौथ्या कोपऱ्यात, खाली उजवीकडे, बोटभर लांबीची शिलाई किंचित नागमोडी होती, तिचा दोरा सावलीने गडद होता, आणि तिला समांतर सुईच्या रिकाम्या छिद्रांची एक रांग दिसत होती. ही रांग फार बोलकी असते. मूळ शिलाई उसवून अस्तर पुन्हा शिवले की नवी सुई जुन्याच छिद्रांतून जात नाही, आणि जुनी छिद्रे कापडात तशीच राहतात. निकृष्ट बॅगेतही टाके वाकडे असतात, पण ते सगळीकडे वाकडे असतात आणि त्यांच्या शेजारी रिकामी छिद्रे नसतात.

अस्तर कोपऱ्यातच का उसवले असेल, याचे उत्तर चाकांच्या फोटोत मिळाले. अनेक सूटकेसींमध्ये चाकाच्या घराचे स्क्रू आतून, अस्तराच्या मागून आवळलेले असतात. अस्तराला चेन असेल तर ती उघडून तिथे पोहोचता येते, नसेल तर शिलाई उसवावी लागते. या बॅगेचे खालचे उजवे चाक इतर तिघांपेक्षा किंचित काळे आणि नवे होते. बॅग त्या कोपऱ्यावर आदळली, चाक मोडले, कोणीतरी अस्तर उसवून ते बदलले, आणि बहुधा त्याच खेपेस रनरही बसवला, अशी ती हकिकत होती. बॅग अस्सल होती. प्रश्न फक्त त्या आदळण्याने कवचाचे काय झाले, एवढाच उरला.

त्यासाठी चाकाच्या घराच्या कडेभोवतीचे कवच पाहावे. तिथे पांढुरका डाग किंवा केसासारख्या रेषा दिसल्या तर त्या जागी प्लास्टिकवर ताण आलेला आहे आणि पुढची भेग तिथूनच सुरू होणार आहे, असे समजावे. धुळीचा डाग ओल्या फडक्याने जातो, हा जात नाही. या बॅगेवर तसा डाग होता, म्हणून आम्ही त्या कोपऱ्याचा आतून एक जादा फोटो मागवण्यास सांगितले. विक्रेत्याने अस्तर थोडे उसवू दिले, हे त्याचे सौजन्य. फोटोत एका स्क्रूच्या छिद्रापासून सुमारे दोन सेंटिमीटरची भेग स्पष्ट दिसली. ग्राहकाने ती दाखवून किंमत अडीच हजारांवर आणली, आणि आम्ही आतून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने बसवून, भेगेच्या टोकाला बारीक छिद्र पाडून ती पुढे सरकणार नाही अशी व्यवस्था करून दिली. नुसत्या लोगोच्या फोटोवर यातले काहीही कळले नसते.

फोटोवरून आम्ही "ओरिजिनल" असा दाखला लिहून देत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. त्यामागचे कारण साधे आहे. चेन सरकताना अडखळते का, अस्तराच्या मागचा लेप दमट हवेने चिकट झाला आहे का, चाक भाराखाली डगमगते का, या गोष्टी फोटोत दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्यावर आम्ही सही करू शकत नाही. आम्ही "जुळते", "जुळत नाही" किंवा "बॅग आणून दाखवा" यांपैकी एक उत्तर देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. बॅग प्रत्यक्ष आणल्यास अस्तराच्या आत पाहून सविस्तर मत देतो. त्याचे नाममात्र शुल्क नंतर दुरुस्ती आमच्याकडे करून घेतल्यास बिलातून वजा होते.

आणखी एक सूचना खर्च वाचवणारी आहे. चेन बंद केल्यावर रनरच्या मागे पुन्हा उघडू लागली की अनेकजण पूर्ण चेन बदलून मागतात किंवा नवीच बॅग घेतात. दात आणि कापड शाबूत असेल तर दोष बहुधा झिजून रुंद झालेल्या रनरचा असतो आणि रनर बदलून काम भागते. म्हणून अशा वेळीही रनरच्या मागचा क्रमांक दिसेल असा फोटो आधी पाठवावा. त्या मापाचा रनर दुकानात आहे की मागवावा लागेल, हे आम्ही लगेच कळवतो आणि आपली म्हापशाची एक फेरी वाचते. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात चाकांची कामे त्याच दिवशी देता येत नाहीत, तेव्हा प्रवासाची तारीख फोटोसोबत लिहावी.