स्किप दाबलं आणि नाखवा दारातच राहिला

"दादा, नाखवा होडीवर गेलाच नाही. दारातच उभाय."

गाळ्याच्या मालकांचा आठवीतला मुलगा हे सांगत आला तेव्हा आम्ही तिघं वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात चहा पीत होतो. आमचा गेम छोटा आहे. ठाण्याच्या खाडीकाठचा एक कोळीवाडा, चेंदणीवरून सुचलेला. त्यात भिकू नाखवा खेळाडूला होडीच्या साखळीची किल्ली देतो आणि स्वतः धक्क्यावर जाऊन होडीत बसतो. तिथे त्याच्याशी बोललं की होडी सुटते. किल्ली देण्याचा प्रसंग म्हणजे ४८ सेकंदांचा कटसीन, खेळाडूनं नुसता बघायचा सिनेमासारखा तुकडा. या मुलानं तो आधी दोनदा पाहिला होता, म्हणून तिसऱ्यांदा नवव्या सेकंदाला त्यानं 'स्किप' दाबलं. पडदा काळा झाला, परत उजळला आणि गेम पुढे सुरू झाला. पिशवीत किल्ली नाही, होडीत नाखवा नाही.

असं का होतं ते कळायला कटसीन आतून कसा असतो ते बघावं लागतं. गेम बनवायला आम्ही गोडो नावाचं इंजिन वापरतो. त्यात कटसीन म्हणजे काळाची एक पट्टी. तिच्यावर कॅमेरा कधी वळेल, कोण कधी हात हलवेल हे मांडलेलं असतं. त्याच पट्टीवर ठरावीक क्षणी कोडला हाक मारायचीही सोय असते. आमच्या पट्टीवर २१व्या सेकंदाला 'किल्ली दे', ३३व्याला 'होडीकडे चालत जा', ४४व्याला 'होडी तयार' ही खूण, म्हणजे क्वेस्टचा फ्लॅग, आणि ४८व्याला 'खेळाडूला मोकळं सोड' अशा हाका होत्या. थोडक्यात, बघण्याच्या गोष्टी आणि घडण्याच्या गोष्टी आम्ही एकाच दोरीवर वाळत घातल्या होत्या. खेळाडूला फक्त बघणं टाळायचं होतं. आम्ही नवव्या सेकंदाला दोरीच कापली आणि खेळाडूला मोकळं तेवढं केलं.

वर आणखी एक घोळ. प्रसंग पुन्हा पुन्हा सुरू होऊ नये म्हणून 'प्रसंग झाला' ही खूण आम्ही पहिल्याच सेकंदाला करत होतो. त्यामुळे मुलगा परत दारात गेला तरी प्रसंग सुरू होईना. त्यात गेमनं आपोआप सेव्हही करून टाकलं. म्हणजे अडकला तो कायमचा.

हा दोष ओळखायला अवघड जातो, कारण तो दर वेळी वेगळा चेहरा घेऊन येतो. नवव्या सेकंदाला स्किप केलं तर किल्ली नाही. पंचविसाव्याला केलं तर किल्ली आहे, पण नाखवा दारात. चाळिसाव्याला केलं तर नाखवा धक्क्यापर्यंत पोचतो, होडीतही बसतो, पण 'होडी तयार' नसल्यामुळे बोलतच नाही. आमच्या वहीत या तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून लिहिलेल्या होत्या. शेजारी स्किपची वेळ लिहिली असती तर दोन आठवडे वाचले असते.

पहिला उपाय सुचतो तो सरळ: पट्टी शेवटाला नेऊन ठेवायची. गोडोमध्ये त्यासाठी `seek()` आहे. पण ते थेट त्या क्षणावर उडी मारतं. कॅमेरा शेवटच्या जागी येतो, मधल्या हाका मात्र जात नाहीत. शिवाय शेवटाला उडी मारली तरी 'अ‍ॅनिमेशन संपलं' हा संकेत येत नाही. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय आणि तिथेच `advance()` वापरा असा सल्लाही आहे.

`advance()` मधला काळ खरंच पार करतं, वाटेतल्या सगळ्या हाका मारतं. आम्ही उरलेले ३९ सेकंद त्याला दिले. किल्ली आली, खूण झाली. पण सगळ्या हाका एका क्षणात गेल्यामुळे नाखव्याची पाच वाक्यं एकदम ऐकू आली, जणू घरात पाच नाखवे भांडतायत. ते आवाज बंद करता आले असते. खरी अडचण ३३व्या सेकंदाच्या हाकेची होती. 'चालत जा' ही हाक म्हणजे चालण्याची फक्त सुरुवात. पुढची अकरा सेकंदं नाखवा गेमच्या नेहमीच्या वेळेत, वाट शोधत चालतो. पट्टी पुढे पळवली म्हणून त्याचे पाय पळत नाहीत. खेळाडू धावत होडीपाशी पोचायचा आणि नाखवा अजून गल्लीत!

तोड निघाली ती नाटकातून. आमच्यातला एक जण गडकरी रंगायतनला एकांकिकांची रंगमंच व्यवस्था बघायचा. तो म्हणाला, "अरे, ब्लॅकआउट झाला की मी नटानं काय केलं ते आठवत बसत नाही. पुढच्या प्रवेशाची यादी बघतो. कंदील टेबलावर पाहिजे, तर तो टेबलावर. नटानं ठेवला असला तरी, विसरला असला तरी."

तशी यादी आम्ही लिहिली. मधे काय काय घडलं हे तिला माहीत नाही, प्रसंग संपल्यावर जग कसं असलं पाहिजे एवढंच माहीत आहे.

```gdscript
func end_scene():
    if done: return
    done = true
    anim.stop(true)
    nakhwa.stop_walking()
    nakhwa.global_position = boat_seat.global_position
    Game.items["key"] = 1
    Game.flags["boat_ready"] = true
    player.can_move = true
```

पहिल्या दोन ओळी स्किप दोनदा दाबणाऱ्या उतावळ्यांसाठी. `stop(true)` मधला `true` महत्त्वाचा, नाहीतर थांबताना अ‍ॅनिमेशन सगळ्यांना पहिल्या सेकंदाच्या जागी परत नेतं. मग चालणं थांबवायचं. ते राहिलं तर होडीत बसवलेला नाखवा पुढच्या क्षणी उठून जुन्या वाटेनं चालायला लागतो. जागेसाठी आम्ही आकडे लिहिले नाहीत, होडीवरच एक अदृश्य खूणगाठ ठेवली. आमच्या खाडीला भरती-ओहोटी आहे, होडी वरखाली होते. आकडे लिहिले असते तर नाखवा ओहोटीला हवेत बसला असता.

किल्लीच्या ओळीत `+= 1` नाही, `= 1` आहे. पंचविसाव्या सेकंदाला स्किप केलं तर किल्ली आधीच मिळालेली असते. तिथे 'एक वाढव' म्हटलं तर पिशवीत दोन किल्ल्या होतात. यादीनं 'अमुक कर' म्हणायचं नाही, 'अमुक असू दे' म्हणायचं. कितीही वेळा म्हटलं तरी फरक पडत नाही. पैशांचं मात्र असं चालत नाही. नाखव्यानं ५० रुपये दिले, तर खेळाडूकडे आधीचे किती हे यादीला कसं कळणार? म्हणून पैसे देणं आम्ही पट्टीवरून काढलं आणि यादीतच, त्या `done` च्या आड ठेवलं.

कटसीन पूर्ण पाहिला तरी शेवटी हीच यादी लागते, स्किप केला तरी हीच. दोन वेगळे रस्ते ठेवले की कमी वापराचा रस्ता कुजतो, आणि गेम बनवणाऱ्यांच्या हातून कमी वापरला जाणारा रस्ता नेमका कुठला हे सांगता येत नाही. यादीला एक मर्यादा आहे: प्रसंगाच्या मधे खेळाडूला हो की नाही विचारलं असेल, तर शेवट दोन असतात. तिथे स्किपनं त्या प्रश्नापर्यंतच जायचं आणि उत्तरासाठी थांबायचं.

मग तपासणी. दर अर्ध्या सेकंदाला एकदा, म्हणजे ९६ वेळा, प्रसंग आपोआप स्किप करवला आणि प्रत्येक वेळी झालेली सेव्ह फाइल पूर्ण पाहिलेल्या प्रसंगाच्या फाइलशी ताडून पाहिली. खेळल्याचा वेळ सोडून एकही अक्षर वेगळं असता कामा नये. पहिल्या फेरीत ९६च्या ९६ फायली वेगळ्या निघाल्या. आम्ही खेळाडूला विसरलो होतो. पूर्ण प्रसंगात कॅमेऱ्याबरोबर तोही धक्क्यावर येतो, स्किप केल्यावर तो नाखव्याच्या दारातच राहत होता. यादीत एक ओळ वाढली.

राहिला तो मुलगा. त्याची सेव्ह बिघडलेलीच होती आणि पहिल्यापासून खेळायला तो तयार नव्हता. म्हणून सेव्ह उघडताना एक प्रश्न घातला: 'प्रसंग झाला' आहे, पण 'होडी तयार' नाही, असं आहे का? असेल तर यादी लावून मोकळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन त्यानं गेम उघडला. नाखवा होडीत होता, किल्ली पिशवीत होती.

"कधी गेला हा?" त्यानं विचारलं.